दहा लाख तासांचा दाखला

समुद्रातील तेलविहिरीवर काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या बायोडाटात जो आकडा सर्वांत मोठा असतो, तोच बहुधा त्याचा स्वतःचा नसतो. हे विधान धाडसाचे वाटेल, म्हणून ते एका प्रत्यक्ष कागदावरून सिद्ध करून दाखवतो. उदगीरकडचा एक तरुण, ज्याने आय.टी.आय.मधून फिटरचा अभ्यासक्रम पुरा करून मुंबई हायच्या सागरी क्षेत्रात चार वर्षे रिग मेकॅनिकच्या हुद्द्यावर चाकरी केली आहे, आता आखाती देशातील एका कंपनीकडे अर्ज करू पाहत आहे. आणि त्याच्या कागदाच्या अगदी माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे, ‘दहा लाख अपघातमुक्त तास’.

हिशेब अवघड नाही. अठ्ठावीस दिवस समुद्रावर आणि अठ्ठावीस दिवस घरी, अशी त्याची पाळी. म्हणजे वर्षाचे समुद्रावरील दिवस सुमारे १८२, रोजचे काम बारा तासांचे, आणि वर्षाची बेरीज सुमारे २,१८४ तास. चार वर्षांचे झाले जवळपास ८,७००. या गतीने एकट्या माणसाला दहा लाख तास भरावयाचे तर साडेचारशे वर्षांहून अधिक काळ लागेल. तो आकडा खोटा नाही. परंतु तो रिगचा आहे. रिगवर शंभर माणसे असतील तर रोज बाराशे तास जमा होतात, आणि सव्वादोन वर्षांत दहा लाखांचा टप्पा गाठला जातो. त्या टप्प्याच्या वेळी हा तरुण रिगवर होता, इतकेच त्यावरून सिद्ध होते.

शिवाय हे ‘अपघातमुक्त तास’ मोजतात कसे, तेही समजून घेतले पाहिजे. बहुतेक ठिकाणी हा हिशेब तेव्हाच मोडतो, जेव्हा एखादा माणूस दुखापतीमुळे पुढल्या पाळीस कामावर रुजू होऊ शकत नाही. बोट चेमटलेल्या मेकॅनिकला दुसऱ्या दिवशी कचेरीत बसवून नोंदवह्या लिहावयास दिल्या, तर तो कामावर हजरच असतो आणि तासांची बेरीज अखंड चालू राहते. जिथे या आकड्यावर बक्षिसे अवलंबून असतात, तिथे दुखापत न कळवण्याकडे कल वाढतो, हे या व्यवसायातील जाणत्यांना पुरते ठाऊक आहे.

याहून गंभीर मर्यादा अशी, की हा आकडा माणसाच्या हातापायाच्या दुखापतींचा असतो. विहिरीच्या पोटात काय घडत आहे, याची त्यात दखलच नसते. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या रिगवर वरिष्ठ अधिकारी आले होते, ते त्या रिगने सात वर्षे अशा दुखापतीवाचून काढली त्याबद्दल गौरव करण्यासाठी. त्याच दिवशी विहीर बंदिस्त आहे की नाही, हे ठरवणाऱ्या दाबाच्या चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला, रात्री वायू उसळून स्फोट झाला आणि अकरा माणसे गेली. सात वर्षांचा तो दाखला त्या दिवशीही अक्षरशः खराच होता.

मग या तरुणाने काय लिहावे? प्रथम रिगचा प्रकार, कारण बाकी सारे त्यावरच अवलंबून असते. एक रुपयाच्या नोटेच्या पाठीवर ज्याचे चित्र आपण पाहिले आहे, तो ‘सागर सम्राट’, ज्याने १९७४ साली मुंबई हायचे तेल शोधले, तो जॅक-अप जातीचा: समुद्रतळाशी पाय रोवून स्वतःचे शरीर लाटांच्या वर उचलून धरणारा, आणि सामान्यतः सव्वाशे मीटरपर्यंतच्या खोलीचाच. सेमी-सबमर्सिबल आणि ड्रिलशिप हे तरंगते रिग त्याहून खोल पाण्यात जातात. मेकॅनिकच्या दृष्टीने या भेदाचा अर्थ मोठा आहे. जॅक-अपवर विहिरीचे तोंड आवळून धरणारे बी.ओ.पी. यंत्र डेकखाली, हाताशी असते; तरंगत्या रिगवर ते समुद्रतळाशी. एकाची दुरुस्ती शिड्या चढून होते, दुसऱ्यासाठी ते शेकडो मीटर वर आणावे लागते. म्हणून नुसते ‘रिगवरील अनुभव’ असे लिहिणारा अर्जदार वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही.

दुसरा तपशील प्रमाणपत्रांचा. बोसिएट हा सागरी सुरक्षेचा प्राथमिक अभ्यासक्रम, ज्यात पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचा सराव करून घेतात. त्याची मुदत चार वर्षांची. मुदत संपण्यापूर्वी फोएट नावाचा एक दिवसाचा उजळणीवर्ग केला तर ती वाढते. संपल्यावर मात्र संपूर्ण अभ्यासक्रम पुन्हा करावा लागतो. उष्ण समुद्रांसाठीचा त्याचा प्रकार उत्तर समुद्रावर चालत नाही, तेव्हा कोणता प्रकार केला आहे, तेही स्पष्ट लिहावे. या तरुणाच्या कागदावर केवळ ‘बोसिएट झाले’ एवढेच होते. दिनांक नव्हता, दाखल्याचा क्रमांकही नव्हता. हे दाखले देणारी ओपिटो ही संस्था त्यांची मध्यवर्ती नोंद ठेवते आणि कंपन्या त्या नोंदीशी ताडून पाहतात. पैसे घेऊन बनावट दाखला मिळवून देऊ म्हणणाऱ्या दलालांचे काम तिथेच उघडे पडते.

तिसरी गोष्ट, पाळीची. ‘चार वर्षे’ एवढे लिहिले तर समुद्रावरची प्रत्यक्ष सेवा दोन वर्षांची आहे, हे वाचणारा स्वतःच काढतो. मग ती आपणच का लिहू नये? दोन कंत्राटांच्या मध्ये रिकामा काळ गेला असेल तर तोही दिनांकांसह नमूद करावा. सुट्टीच्या पाळीत आणि बेकारीत फरक आहे, आणि तो अर्जदारानेच दाखवून द्यावयाचा असतो.

या सर्वांचा मसुदा मी त्या तरुणाला पुढीलप्रमाणे सुचवला: ‘जॅक-अप रिग, रिग मेकॅनिक, २८–२८ पाळी, चार वर्षे, प्रत्यक्ष समुद्रावर सुमारे ७३० दिवस, ८,७०० तास, या काळात स्वतःला कामावरून दूर राहावे लागेल अशी दुखापत नाही, रिगचा दहा लाख तासांचा टप्पा याच काळातील.’ शेवटच्या वाक्यात त्या मोठ्या आकड्याला त्याची खरी जागा मिळाली. त्याखाली कामांची नोंद: मड पंपाचे लायनर व व्हॉल्व्ह बदलणे, क्रेनची देखभाल, कामाच्या परवान्यावर सही घेऊन यंत्र कुलूपबंद करणे.

ही शेवटची नोंद मुलाखतीत हमखास उलगडून विचारली जाते. पंप उघडण्यापूर्वी काय केलेत? ज्याने ते काम केले आहे तो क्रमाने सांगतो: परवाना घेतला, मोटारीचा वीजपुरवठा तोडून तिथे आपले कुलूप आणि नावाची पट्टी लावली, झडपा बंद करून आतील दाब सोडला, दाबमापकाचा काटा शून्यावर आल्याची खात्री केली आणि मोटार सुरू करून पाहिली, ती चालली नाही, तेव्हाच नट सैल केले. ज्याने ते केलेले नाही, तो ‘सुरक्षेचे सर्व नियम पाळतो’ असे म्हणून थांबतो, आणि परीक्षकास तेवढ्यावरून उमगते.

नांदेड-लातूरच्या तंत्रनिकेतनांतून आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या, या चाकरीकडे वळणाऱ्या तरुणांना माझी विनंती एवढीच: रिगचे तास रिगच्या नावे लिहा, स्वतःचे तास स्वतःच्या नावे लिहा, आणि प्रत्येक ओळीपुढे तिचा पुरावा हाती असू द्या. आठ हजार सातशे तासांचा खरा हिशेब दहा लाखांच्या उसन्या आकड्यापेक्षा अधिक वजनदार आहे.