अलर्ट वाजतो, पण तिकीट आपणच काढायचं असतं



डिसेंबरच्या भारतवारीचा विषय निघाला की आपल्यात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "जूनमध्येच काढून मोकळं व्हा." दुसरा म्हणतो, "अलर्ट लावून ठेवा, भाव पडला की उडी मारा." मी बरीच वर्षं दुसऱ्या पक्षात होतो, आणि अजूनही अलर्ट लावतो. पण अलर्ट कशासाठी असतो याबद्दलचं माझं मत पार बदललं आहे, आणि ते बदलायला मला चांगलीच किंमत मोजावी लागली. म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२३ च्या डिसेंबरात भाच्याचं लग्न होतं. तारीख ठरलेली, मुलांच्या सुट्ट्या ठरलेल्या, म्हणजे मागेपुढे सरकायला जागाच नव्हती. सप्टेंबरात नुअर्क ते मुंबई जाऊन-येऊन तिकीट १,५९० डॉलरला दिसत होतं. एकदा अलर्ट आला, १,५४०. मी खूश! म्हटलं, पडतंय म्हणजे अजून पडेल, १,४५० झालं की घेऊ. ऑक्टोबरात ते १,७०० झालं. "परत खाली येईल की!" असं म्हणत मी बसलो. नोव्हेंबरात २,२५०. चौघांचे नऊ हजार! शेवटी मी एकटाच गेलो. आईनं नातीसाठी परकर-पोलकं शिवून ठेवलं होतं. ते मी बॅगेत घालून परत आणलं, आणि इथे येईपर्यंत ते बसेनासं झालं नव्हतं एवढंच समाधान.

आता माझी चूक नेमकी कुठे झाली? अलर्टनं त्याचं काम चोख केलं होतं. भाव पडला तेव्हा सांगितलं, चढला तेव्हाही सांगितलं. पण "काल काय झालं" या बातमीला मी "उद्या काय होणार" हे भाकीत समजत होतो.

विमानातल्या एकाच इकॉनॉमी वर्गात भावाचे बरेच कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याला एक इंग्रजी अक्षर, एक भाव आणि त्याचे नियम. त्या भावात आज किती जागा विकायच्या ते कंपनीची यंत्रणा ठरवते. स्वस्त कप्पा संपला की भाव हळूहळू चढत नाही, एकदम वरच्या कप्प्यावर उडी मारतो. विक्री मंद वाटली तर कंपनी खालचा कप्पा पुन्हा उघडतेही, आणि तेव्हाच आपल्याला तो "भाव पडला"वाला मेल येतो. मात्र डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली मुंबईची विमानं भरणारच हे कंपनीला आपल्याइतकंच ठाऊक असतं. तेव्हा जसजशी तारीख जवळ येते, तसतशी खालचा कप्पा उघडण्याची शक्यता कमी होत जाते.

मग भाकीत करता येतच नाही का? तसा प्रयत्न झालेला आहे, आणि गंमत म्हणजे त्याच्याही मुळाशी एक लग्नच आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक ओरेन एत्झिओनी भावाच्या लग्नाला सिॲटलहून लॉस एंजेलिसला निघाले होते. तिकीट त्यांनी बरंच आधी काढलं होतं. विमानात शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं, तर नंतर तिकीट काढलेल्यांनी कमी पैसे दिलेले! मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ४१ दिवसांत बारा हजारांवर भाव गोळा केले आणि "आज घ्या की थांबा" सांगणारा प्रोग्रॅम लिहिला. २००३ साली त्याचा शोधनिबंध आला, त्यातून फेअरकास्ट ही कंपनी निघाली आणि २००८ मध्ये ती मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. पण अशा प्रोग्रॅमचा फायदा शेकडो प्रवाशांच्या सरासरीत मोजतात. तुम्हाआम्हाला डिसेंबरात एकदाच जायचं असतं, सरासरीत नाही.

साधा हिशेब करून बघा. समजा थांबलं तर चारांत तीन वेळा तिकीट ६० डॉलरनं उतरेल आणि चारांत एकदा ४०० नं चढेल. ऐकायला वाटतं, तीन वेळा तर आपणच जिंकतोय! पण तीन वेळचे मिळून वाचले १८०, आणि एकदाच गेले ४००. तारीख हलवता येत असेल तर ते ४०० टाळता येतात, दोन दिवस पुढे-मागे गेलं की झालं. आपली तारीख पक्की असेल तर टाळता येत नाहीत. म्हणून ठरलेल्या प्रवासाला "अजून पडेल का?" हा प्रश्नच मुळी चुकीचा आहे. "मला परवडणारा भाव आला का?" हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर अलर्ट लावायच्या आधी कागदावर लिहून ठेवायचं.

२०२५ मध्ये आम्ही तसंच केलं. बाबांची सहस्रचंद्रदर्शन शांत २८ डिसेंबरला होती. जायचं शुक्रवारी १९ ला, परत यायचं शनिवारी ३ जानेवारीला, कारण सोमवारी शाळा. जूनमध्ये गूगल फ्लाइट्सवर नेमक्या याच तारखा घालून Track prices चालू केलं. तिथेच Any dates असाही पर्याय असतो, तो आपल्या कामाचा नाही. फेब्रुवारीत तिकीट स्वस्त झाल्याचे मेल येऊन उपयोग काय? सगळ्यात स्वस्त दिसणारं तिकीटही उघडून बघितलं. त्यात दोन वेगवेगळी तिकिटं जोडलेली होती, म्हणजे मधल्या विमानतळावर सामान काढून पुन्हा चेक-इन, आणि पहिलं विमान चुकलं तर दुसऱ्याची जबाबदारी कोणाचीच नाही. शिवाय माझ्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्याला मधल्या देशाचा व्हिसा लागू शकतो तो वेगळाच. ते बाद केलं. एकच थांबा, एकच तिकीट आणि माणशी दोन बॅगा, एवढ्यावरच लक्ष ठेवायचं ठरवलं. बॅगांचं कंपनीच्या पानावर जाऊन तपासलं, कारण यादीतला भाव कधी कधी बिनबॅगेचा असतो.

तेव्हा माणशी १,८३० दिसत होते. भावाचा मागचा आलेख आणि आमचं बँकेतलं शिल्लक दोन्ही बघून आम्ही फ्रिजवर चिठ्ठी लावली: "चौघांचे मिळून ६,९०० किंवा कमी झाले की त्याच दिवशी घेणे. नाही झाले तर १५ सप्टेंबरला जो भाव असेल त्याला घेणे." दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं. २०२३ मध्ये माझ्याकडे पहिलं वाक्य होतं, दुसरं नव्हतं.

६ ऑगस्टला अलर्ट आला, १,६५५! चौकडीनं ६,६२०. धावत जाऊन चार प्रवासी घातले, तर भाव माणशी १,७९०. पूर्वी मी इथे कंपनीला शिव्या घातल्या असत्या. पण अलर्ट मी एका प्रवाशाचा लावला होता, ही माझीच चूक. एकाच बुकिंगमधल्या सगळ्यांना यंत्रणा साधारणपणे एकाच कप्प्यातली जागा देते. त्या कप्प्यात चार जागा नसतील तर चौघांनाही वरचा भाव लागतो. मग दोन प्रवासी घालून पाहिलं, १,६५५. तीन घातले, १,७९०. म्हणजे स्वस्तातल्या दोनच जागा उरल्या होत्या. दोन बुकिंगं केली तर ३,३१० अधिक ३,५८०, एकूण ६,८९०. चिठ्ठीपेक्षा दहा डॉलर खाली!

दोन बुकिंगांत धोका असतो. विमान रद्द झालं तर दोघं एकीकडे, दोघं दुसरीकडे अशी पांगापांग होऊ शकते. म्हणून प्रत्येक बुकिंगात एक मोठं माणूस आणि एक मूल असं घातलं, आणि कंपनीला फोन करून एकमेकांत नोंद करायला सांगितलं. मुलं बाराच्या पुढची असल्यानं चारही तिकिटं मोठ्यांचीच होती, त्यामुळे भावात गुंता नव्हता. तरी माझा हात अडखळला. "आठवडाभर थांबूया का, चारही जागा उघडतील?" बायकोनं नुसतं फ्रिजकडे बोट दाखवलं. घेतली तिकिटं.

मी एजंटाकडून नाही, थेट कंपनीच्या साइटवरून घेतली, त्याला कारण आहे. प्रवास निदान सात दिवस पुढे असेल तर अमेरिकेच्या नियमानुसार विमान कंपनीला २४ तासांची सवलत द्यावी लागते. एकतर बुकिंग त्या अवधीत दंडाशिवाय रद्द करू द्यायचं, नाहीतर पैसे न घेता भाव तेवढा वेळ धरून ठेवायचा. यातलं काय द्यायचं ते कंपनी ठरवते, तेव्हा पैसे भरण्याआधी वाचून घ्या. एजंटांना हा नियम बांधील नाही. त्या २४ तासांत मी तीनदा भाव पाहिला आणि मग झोपलो.

आता कबुलीजबाब. सप्टेंबरात अलर्ट आला, १,६१०. पोटात गोळा आला. पण नियम उघडून वाचले, तर आमच्या तिकिटात बदल करायचा दंड माणशी २०० डॉलर. महागातल्या दोन तिकिटांवरही वाचले असते १८०. विषय संपला. तुमच्या तिकिटाला बदलाचा दंड नसेल, तर मात्र घेतल्यावरही अलर्ट चालू ठेवा. फरकाचं क्रेडिट मिळू शकतं. दंड असेल तर अलर्ट बंद करा, उगाच जिवाला घोर. ऑक्टोबरात तेच तिकीट १,९८० झालं, हे मला एका मित्राकडून कळलं, कारण माझा अलर्ट तोवर बंद होता.

मला सगळ्यात स्वस्त तिकीट मिळालं का? नाही. कोणाला तरी १,६१० ला मिळालं असेल, त्याचं अभिनंदन. शांतीच्या दिवशी बाबांना ओवाळताना लेक आजीशेजारी उभी होती. परकर-पोलकं या वेळी आजीनं दोन बोटं मोठंच शिवलं होतं.

तेव्हा मंडळी, अलर्ट जरूर लावा. पण आधी चिठ्ठी लिहा: किती जण, एकूण किती डॉलर, आणि शेवटची तारीख कुठली. चूकभूल द्यावी घ्यावी.

न्यू जर्सीहून,
तुमचाच एक भारतवारीकर