शाखेची मर्यादा कोठे लावावी?

सहकारी पतसंस्था आणि नागरी बँका यांच्यासाठी संगणक-प्रणाली रचणाऱ्या आमच्या वाचकांपुढे या अंकात आम्ही एकच प्रश्न ठेवीत आहोत : एका शाखेच्या कारकुनाने दुसऱ्या शाखेचे दप्तर पाहू नये, हा संस्थेचा जुना शिरस्ता प्रणालीच्या नेमक्या कोणत्या जागी अमलात येतो? पुष्कळ प्रणालींत तो केवळ स्क्रीनवर अमलात येतो. कारकुनाने लॉगिन केले की शाखेचा रकाना आपोआप त्याच्या शाखेवर स्थिर होतो, करडा पडतो आणि बदलता येत नाही. संचालक मंडळासमोर प्रात्यक्षिक होते, सर्वांचे समाधान होते आणि काम पुरे झाल्याचा शेरा मिळतो. परंतु त्या करड्या रकान्यामागे सर्व्हरवर जी क्वेरी चालते, तिला समोरचा कारकून कोणत्या शाखेचा आहे याची कल्पनाच नसते. ब्राउझरने जो शाखा-क्रमांक पाठविला, त्या शाखेची खाती ती निमूटपणे काढून देते.

मामला स्पष्ट व्हावा म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावी मुख्य कचेरी आणि आसपासच्या बाजारपेठांत अकरा शाखा असलेली एक पतसंस्था आहे. सातव्या शाखेतील कारकुनाने कर्जखात्यांची यादी उघडली असता त्याच्या ब्राउझरकडून सर्व्हरकडे पुढील मागणी जाते :

```
GET /api/loans?branchId=7
```

ही मागणी ब्राउझरच्या ज्या खिडकीत दिसते, ती एका कळीने उघडता येते. तेथे सातच्या जागी चार लिहून तीच मागणी पुन्हा पाठविली की चौथ्या शाखेची संपूर्ण यादी हाती येते. आणि शाखेचा उल्लेखच गाळला, तर अकराही शाखांची येते. असे का व्हावे, याचे कारण सर्व्हरवरील क्वेरीच्या एका ओळीत आहे :

```
WHERE (:branch_id IS NULL OR branch_id = :branch_id)
```

ही ओळ आमच्यापैकी बहुतेकांच्या हातून कधी ना कधी लिहिली गेली असेल, कारण ती सोयीची आहे. मुख्य कचेरीच्या अधिकाऱ्याला सर्व शाखांचा गोषवारा हवा असतो आणि शाखेच्या कारकुनाला आपल्या शाखेचा. दोघांसाठी दोन क्वेरी लिहिण्याऐवजी, शाखा दिली नाही तर सर्व शाखा, असा अर्थ लावून एकाच क्वेरीत दोन्ही कामे भागविली जातात. पुष्कळदा मूळ प्रणाली एकाच शाखेसाठी लिहिलेली असते, संस्था वाढल्यावर तक्त्यांत शाखा-क्रमांकाचा स्तंभ मागाहून घातला जातो, आणि जुने अहवाल मोडू नयेत म्हणून तो ऐच्छिक ठेवला जातो. परंतु या रचनेचा परिणाम असा होतो की, अधिकाराचा पुरावा नसणे हाच सर्वांत मोठा अधिकार ठरतो. माहिती गहाळ झाली असता सारे दप्तर उघडे पडावे, ही तजवीज मुळातच उलटी आहे. शाखा ठाऊक नसेल तर एकही नोंद मिळता कामा नये.

यादीपेक्षा एकेका खात्याचा तपशील अधिक धोक्याचा असतो. यादीत निदान शाखेचा उल्लेख तरी असतो. तपशिलाची मागणी मात्र `/api/loans/20418` अशी केवळ खात्याच्या क्रमांकावर चालते, आणि क्रमांक अनुक्रमाने दिलेले असल्यामुळे पुढचा आकडा ओळखण्यास काहीच सायास पडत नाहीत. येथे कारकुनाच्या मनात वाईट हेतू असण्याचीही गरज नाही. हप्ता जमा करताना शोधाच्या चौकटीत एक अंक चुकला की दुसऱ्याच शाखेतील कर्जदाराचे नाव, मोबाइल क्रमांक, थकलेले हप्ते, सोनेतारणातील दागिन्यांचे वजन आणि जामीनदारांची नावे त्याच्यासमोर उभी राहतात. शाखांतील नोकरवर्ग बहुधा त्याच पंचक्रोशीतील असतो. त्याचे सोयरे-धायरे शेजारच्या गावांत विखुरलेले असतात. ज्या सभासदाने आपल्या गावची शाखा टाळून मुद्दाम दूरच्या शाखेत दागिने तारण ठेवले, त्याने तसे का केले हे कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. त्याची थकबाकी सोयरिकीच्या बैठकीत निघाली, तर त्याला झालेली इजा कोणत्याही व्याजाच्या सवलतीने भरून येणार नाही.

हा दोष आमच्याच इलाख्यापुरता नाही. प्रणालींच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेने एपीआयच्या धोक्यांची जी यादी २०१९ साली काढली आणि २०२३ साली सुधारली, तिच्यात दोन्ही वेळा पहिले स्थान याच दोषाला दिले आहे : मागितलेली नोंद मागणाऱ्याच्या अखत्यारीतील आहे की नाही, हे सर्व्हरने न तपासणे. इकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती बाळगणाऱ्यावर वाजवी सुरक्षा-उपाय योजण्याचे दायित्व टाकले असून, त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे.

दुरुस्तीचा पहिला भाग साधा आहे. कारकुनाची शाखा ब्राउझरकडून मागूच नये; लॉगिनच्या वेळी त्याची ओळख पटल्यावर नेमणुकीच्या तक्त्यातून ती सर्व्हरने स्वतः काढावी, आणि मागणीत शाखा-क्रमांक आला तरी शाखा-कारकुनाच्या बाबतीत तो विचारात घेऊ नये. मुख्य कचेरीला सर्व शाखा दिसणे आवश्यक असेल, तर तो अधिकार त्या पदाच्या नावे स्पष्टपणे नोंदवावा. रिकाम्या जागेचा अर्थ म्हणून तो कोणाला मिळू नये. खात्याच्या तपशिलातही क्रमांकाबरोबर शाखेची अट घालावी आणि खाते दुसऱ्या शाखेचे निघाल्यास ‘अधिकार नाही’ असे न सांगता ‘असे खाते नाही’ असेच उत्तर द्यावे, कारण पहिल्या उत्तराने त्या क्रमांकाचे खाते अस्तित्वात असल्याचा दाखला मिळतो. एक्सेलची निर्यात, पावतीची पीडीएफ, नावाची पहिली अक्षरे लिहिताच खाली उघडणारी यादी, दिवसअखेरचे अहवाल, या साऱ्या वाटांना हीच अट लागू आहे. आणि या वाटा निरनिराळ्या हातांनी निरनिराळ्या वर्षी लिहिलेल्या असल्यामुळे एखादी हमखास राहून जाते.

म्हणून आमचा आग्रह असा की, ही अट प्रत्येक क्वेरीत आठवणीने लिहिण्याऐवजी माहितीच्या अगदी लगत, एकाच जागी बसवावी. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये २०१६ साली आलेल्या ९.५ या आवृत्तीपासून ओळनिहाय सुरक्षेची सोय आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्येही त्याच वर्षीच्या आवृत्तीपासून तशी व्यवस्था मिळते. पोस्टग्रेसमध्ये ती अशी लिहावी लागते :

```
ALTER TABLE loans ENABLE ROW LEVEL SECURITY;
ALTER TABLE loans FORCE ROW LEVEL SECURITY;
CREATE POLICY shakha ON loans
  USING (branch_id = current_setting('app.branch_id')::int);
```

सर्व्हरने प्रत्येक व्यवहाराच्या आरंभी `SET LOCAL` या आज्ञेने `app.branch_id` ठरवून दिले की त्या व्यवहारातील कोणत्याही क्वेरीला दुसऱ्या शाखेची ओळ दिसत नाही, मग ती क्वेरी लिहिणाऱ्याला अटीचे स्मरण राहिलेले असो वा नसो. आणि शाखा ठरविण्याचे राहून गेले तर क्वेरी त्रुटी देऊन थांबते, म्हणजे चूक झाली तरी दार बंद राहते. `LOCAL` हा शब्द येथे गाळू नये. एकच जोडणी अनेक कारकुनांच्या मागण्यांसाठी आलटून पालटून वापरली जात असल्यामुळे, तो गाळल्यास मागच्या कारकुनाची शाखा पुढच्याच्या मागणीला चिकटून राहू शकते. दुसरी दक्षता अशी की, सुपरयूजर म्हणून जोडणी केल्यास हे सारे नियम बाजूला पडतात. आणि पुष्कळ संस्थांत प्रणाली `postgres` याच नावाने जोडलेली आढळते. तिला स्वतंत्र, मर्यादित अधिकाराचे नाव द्यावे. मुख्य कचेरीसाठी अर्थातच निराळे धोरण लिहावे लागेल.

आता एक अडचण उरते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केले तर वरील सारी व्यवस्था पहिल्याच महिन्यात शाखाधिकाऱ्यांच्या तक्रारीने उठविली जाते. ती अडचण जामीनदाराची. नवे कर्ज मंजूर करताना, पुढे आलेला जामीनदार दुसऱ्या शाखेतील किती कर्जांना आधीच जामीन आहे आणि त्यांतील काही थकले आहे काय, हे पाहणे कारकुनाचे कर्तव्यच आहे. शाखेची भिंत पक्की केली की हे दिसेनासे होते, आणि मग कोणीतरी वैतागून त्या कारकुनाला सर्व शाखांचा अधिकार देऊन टाकतो. परंतु कर्तव्यासाठी त्याला कर्जदारांची नावे, पत्ते किंवा तारणाचा तपशील लागत नाही. लागतात ते जामिनांची संख्या, एकूण रक्कम आणि थकबाकी आहे की नाही, एवढेच. तेवढाच सारांश देणारे स्वतंत्र फंक्शन मर्यादित अधिकाराने लिहावे, प्रत्येक वेळी कोणी कोणाविषयी आणि कोणत्या कर्ज-अर्जासाठी विचारले याची नोंद ठेवावी, आणि मूळ ओळी तशाच झाकलेल्या राहू द्याव्यात. दुसऱ्या शाखेतील खात्यात भरणा स्वीकारण्यासही हाच न्याय लावता येतो : खातेदाराचे नाव आणि भरावयाची रक्कम दिसली की काम भागते.

हा दोष आपल्या प्रणालीत आहे की नाही, हे स्क्रीन पाहून कळत नाही, कारण स्क्रीन नेहमी बरोबरच दिसते. त्यासाठी दोन शाखांच्या दोन कारकुनांची चाचणी-लॉगिने घ्यावीत, पहिल्याच्या नावे उघडलेल्या खात्याचे, पावतीचे आणि निर्यातीचे पत्ते टिपून ठेवावेत, आणि तेच पत्ते दुसऱ्याच्या लॉगिनने मागावेत. एकही उत्तर भरलेले आले तर दोष आहे. मागे काय घडून गेले हे शोधण्यासाठी मात्र सर्व्हरची नोंदवही तपासावी लागते, आणि तेथे बहुधा निराशा पदरी येते : ‘कर्जयादी पाहिली’ एवढेच तिच्यात असते, कोणत्या शाखेच्या ओळी पाठविल्या गेल्या हे नसते. पाहणाऱ्याची शाखा आणि नोंदीची शाखा असे दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी लिहिण्याची व्यवस्था यापुढे तरी करावी, म्हणजे त्या दोहोंत फरक असलेल्या ओळी तपासणीसाला एका क्वेरीने काढता येतील.

मार्चअखेरच्या हिशेबात कोणतीही संस्था प्रणालीला हात लावू देणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु दोन लॉगिनांची ही चाचणी करण्यास प्रणाली बदलावी लागत नाही, आणि ती अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ घेत नाही. आमच्या वाचकांनी ती याच महिन्यात करावी, आणि उत्तर भरलेले आल्यास संस्थेच्या सचिवांना ते लेखी कळवावे.