एसटीपीचं पाणी शेतात: युरिया वाचतो, पण मीठ कुठे जातं?

पुण्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून नदीचं पाणी उचलून जुन्या बेबी कालव्यात सोडलं जातं. वर्षाला ६.५ टीएमसी पाणी हवेली, दौंडच्या शेतीला द्यायचं, ही त्यामागची योजना. शहरात प्रक्रिया झालेलं सांडपाणी नदीत येतं. प्रक्रिया न झालेलंही त्यात मिसळतं. या पाण्याच्या दर्जावर वाद होतो तो बहुतेक वेळा वास आणि फेसावरून. जमिनीचं नुकसान करणारी गोष्ट मात्र दिसत नाही आणि तिला वासही नसतो.

एसटीपी काय काढतं, काय नाही?

नेहमीचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र सेंद्रिय घाण कमी करतं. विरघळलेले क्षार त्यातून जसेच्या तसे पुढे जातात. आपल्या जेवणातलं मीठ आणि कपड्यांची पावडर थेट कालव्यात पोहोचते, असं समजा. प्रयोगशाळेच्या अहवालात हे क्षार ‘ईसी’ म्हणजे विद्युत वाहकता या आकड्यात दिसतात.

एक हिशोब करून पाहू. समजा, पाण्याची ईसी १.२ आहे. ईसीला ६४०ने गुणलं की लिटरमागे क्षार मिलिग्रॅममध्ये मिळतात, इथे साधारण ७७०. पाटाने भिजणाऱ्या एक एकर उसाला वर्षात ८० लाख लिटर पाणी धरलं, तर शेतात सुमारे ६ टन क्षार येतात. धरणाच्या ०.३ ईसीच्या पाण्यातून हाच आकडा दीड टन असतो. पाणी उडून जातं, पिकात जातं. क्षारांचा मोठा भाग मागे राहतो.

मग युरियाचं काय?

याच पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम नत्र असेल, तर एकरी १६० किलो नत्र मिळतं, म्हणजे युरियाच्या साडेसात-पावणेआठ गोण्या. सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी १०० किलो. सगळी गोणी बंद केली तरी नत्र जास्तच होतं. शिवाय हे खत थांबवता येत नाही. ऊस पक्व होताना पाळी दिली की नत्रही जातं. ऊस लोळतो आणि साखरेचा उतारा घटतो. त्यामुळे पाण्यातलं नत्र तपासून तेवढा युरिया कमी करायचा आणि शेवटच्या पाळ्या शक्य असल्यास विहिरीच्या पाण्याने द्यायच्या.

काळ्या जमिनीचा धोका पावसाळ्यात

क्षारांमधला सोडियम हा खरा खोडकर. तो चिकणमातीच्या कणांवरच्या कॅल्शियमची जागा घेतो. उन्हाळ्यात पाण्यातले क्षार हे कण एकत्र धरून ठेवतात, त्यामुळे काही बिघडल्याचं जाणवत नाही. पावसाचं गोडं पाणी पडलं की हे कण सुटे होतात, माती फुगते, छिद्रं बुजतात. पाणी मुरत नाही, वाफसा येत नाही आणि वाळल्यावर टणक ढेकळं होतात. ही चोपण जमिनीची सुरुवात. नुसता पांढरा थर दिसला तर ती खारवट. तिथे जास्तीचं पाणी देऊन आणि चर काढून क्षार धुता येतात. चोपण जमिनीला नुसतं धुऊन भागत नाही, उलट ती बिघडते; तिथे माती परीक्षणानुसार जिप्सम आधी, निचरा आणि धुणं नंतर.

ओळखायचं कसं? पाण्याच्या अहवालात ईसीबरोबर एसएआर, म्हणजे सोडियमचं प्रमाण, मागा. मातीचा नमुना पावसाळ्याआधी आणि नंतर घ्या, तोही ३० सेंमीच्या वरचा आणि खालचा वेगळा. खालच्या थरात ईसी वाढत असेल तर क्षार निचरा न होता साठत आहेत.

कोणतं पीक?

१.२ ईसीच्या पाण्याने, बरा निचरा असेल तर, मुळांच्या थरातली ईसी साधारण १.८वर स्थिरावते. कांद्याची सहनमर्यादा १.२, उसाची १.७. म्हणजे कांद्याचं उत्पन्न घटतंच, ऊस काठावर. गव्हाची मर्यादा ६, ज्वारीची ६.८, कापसाची ७.७, म्हणून यांना भरपूर वाव आहे.

क्षारांना चालणारं पीक जंतूंच्या बाबतीत चालेलच, असं नाही. कोथिंबीर, मेथी, मुळा यांना पाणी थेट लागतं आणि ती कच्ची खाल्ली जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८९च्या मार्गदर्शनानुसार अशा पिकांच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे १,०००हून जास्त विष्ठाजन्य जीवाणू नकोत आणि लिटरमागे जंताचं फार तर एक अंडं चालतं. ऊस कारखान्यात उकळला जातो, म्हणून तो सुरक्षित. रसवंतीला जाणारा ऊस मात्र नाही. ठिबकने पाण्याचा पानांशी संबंध तुटतो आणि पाणी निम्म्यावर आलं तर क्षारही निम्मे येतात. पण ते ओल्या पट्ट्याच्या कडेला साठतात आणि पहिल्या हलक्या पावसात मुळांकडे सरकतात. म्हणून त्या दिवशी ठिबक बंद करायचं नसतं.