सरासरी बरोबर, तरी रक्तपेशी असमान

रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की बहुतेकांची दृष्टी प्रथम हिमोग्लोबिनच्या आकड्यावर जाते. त्याच्या खाली, चार-पाच ओळींनंतर, ‘आर.डी.डब्ल्यू.’ असे एक नाव असते आणि त्यापुढे टक्केवारी. तांबड्या पेशी आकाराने एकमेकींशी किती मिळत्याजुळत्या आहेत, हे तो आकडा सांगतो. बहुतेक प्रयोगशाळांत साधारण ११.५ ते १४.५ टक्के हे प्रमाण योग्य मानतात. त्याहून तो बराच अधिक असेल, तर रक्तात लहान आणि मोठ्या पेशींची सरमिसळ झाली आहे असे समजावे.

या आकड्याचे मोल एका उदाहरणाने ध्यानात येईल. बेचाळीस वर्षांच्या एका शाकाहारी गृहिणीचा अहवाल आहे असे समजू. हिमोग्लोबिन १०.२, म्हणजे कमी. पेशीचे सरासरी आकारमान, ज्याला अहवालात ‘एम.सी.व्ही.’ म्हणतात, ते ८६. हे ८० ते १०० या मर्यादेत चोख बसते. मात्र आर.डी.डब्ल्यू. १९.५ आहे.

सरासरी निर्दोष असूनही पंडुरोग का, हे कोडे व्यापाऱ्याला चटकन उलगडावे. एक पोते ४० किलोचे आणि दुसरे ६० किलोचे भरले, तरी सरासरी ५० किलोच येते. पण माप चुकलेले असते दोन्हींचे. लोह कमी पडले की पेशी लहान व फिकट होतात. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले की त्या अवाजवी मोठ्या होतात. दोन्ही उणिवा एकाच देहात असल्या, तर लहान व मोठ्या पेशी एकमेकींची कसर भरून काढतात आणि सरासरी ‘सामान्य’ दिसते. ती फूट उघड करतो तो आर.डी.डब्ल्यू.

असा अहवाल दिसला की वैद्य काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यास सांगतात. लहान फिकट पेशींच्या शेजारी मोठ्या अंडाकृती पेशी दिसल्या, आणि पांढऱ्या पेशींपैकी काहींच्या केंद्रकाला पाचाहून अधिक खंड आढळले, तर बी-१२ अथवा फॉलिक आम्लाच्या उणिवेचा संशय बळावतो. मग फेरिटिन, म्हणजे साठविलेल्या लोहाचे माप, आणि बी-१२ यांची तपासणी होते. आपल्या उदाहरणात फेरिटिन ९ आणि बी-१२ १४० आले असे मानू. दोन्ही स्पष्टपणे कमी आहेत, आणि १९.५ चा अर्थ लागला.

शाकाहारी घरांत हे दोन्ही अभाव एकत्र येणे नवलाचे नाही. वनस्पतिजन्य अन्नात बी-१२ जवळजवळ नसतेच. आपल्याला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते. धान्य-कडधान्यांतील लोह शरीरात कमी शोषले जाते, आणि जेवणालगतच्या चहाने आणखी कमी. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या ज्येष्ठांत दूध भरपूर असूनही बी-१२ चे शोषण घटू शकते.

खरा धोका अर्ध्या उपचारात आहे. पंडुरोग म्हटला की लोह व फॉलिक आम्ल यांची एकत्र गोळी सुरू होते. लोहाने लहान पेशी सुधारतात, फॉलिक आम्लाने मोठ्या पेशींचेही स्वरूप काही अंशी सावरते, हिमोग्लोबिन वाढते आणि घरचे निश्चिंत होतात. बी-१२ ची उणीव मात्र तशीच राहते आणि ती मज्जातंतूंना पोखरते. पावलांना मुंग्या येणे, बधिरता, अंधारात चालताना तोल जाणे ही त्याची चिन्हे होत. फार विलंब झाला तर ही हानी पूर्णपणे भरून येत नाही. म्हणून बी-१२ च्या गोळ्या किंवा इंजेक्शने सुरू होण्यापूर्वीच त्याच्या तपासणीसाठी रक्त दिलेले बरे. नंतर तो आकडा फसवा ठरतो.

उपचार योग्य असला तरी पहिल्या काही आठवड्यांत आर.डी.डब्ल्यू. आणखी वाढलेला दिसू शकतो. घाबरू नये. जुन्या सदोष पेशींत नव्या निरोगी पेशी मिसळत असतात, म्हणून तफावत रुंदावते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. जुना माल संपेपर्यंत तीन-चार महिने जातात, मग आकडा खाली येतो.

हा आकडा रोगाचे नाव सांगत नाही. रक्त चढविल्यानंतर तो वाढतो, यकृताच्या विकारातही वाढू शकतो. उलट तो योग्य असला म्हणून उणीव नाहीच, असेही नाही. परंतु हिमोग्लोबिन कमी, सरासरी आकारमान ठीक आणि आर.डी.डब्ल्यू. जास्त, असे तिन्ही एकाच कागदावर आढळल्यास, “लोहाबरोबर बी-१२ ही पाहावे का?” एवढा प्रश्न आपल्या वैद्यांना अवश्य विचारावा.