तक्रारींचा हीटमॅप: लाल ठिपका दिसला म्हणून तिथंच प्रॉब्लेम आहे का?

पावसाळा आला की सांगलीत सगळ्यांच्या तोंडी दोनच आकडे असतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 फूट म्हणजे धोका. 2019 च्या महापुरात ती 57 फुटांच्या वर गेली होती. हे आकडे ठरलेले आहेत. आज पाणी कमी असलं म्हणून कुणी धोक्याची खूण 30 वर आणत नाही.

तुंबलेली गटारं, न उचललेला कचरा, बंद पडलेले दिवे अशा तक्रारींचा हीटमॅप बनवताना मात्र अशी कुठलीच खूण नसते. चौकोन किती मोठा घ्यायचा आणि कुठल्या आकड्याला लाल म्हणायचं, हे नकाशा बनवणारा ठरवतो. त्यानं नाही ठरवलं तर सॉफ्टवेअर ठरवतं. त्या नकाशावरून जेटिंग मशीन आज कुठल्या गल्लीत पाठवायचं हे ठरणार असेल, तर या दोन निर्णयांमुळे एखाद्या वस्तीचा नंबर मागे जाऊ शकतो.

चौकोन केवढा घ्यायचा?

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचं क्षेत्र साधारण 118 चौरस किलोमीटर आहे. समजा, महिन्याभरात गटारांच्या 600 तक्रारी आल्या. (हा आकडा फक्त हिशोबासाठी घेतलाय.)

1 किलोमीटरचे चौकोन पाडले तर ते साधारण 118 होतात आणि एका चौकोनात सरासरी 5 तक्रारी येतात. आकडे ठीक आहेत, पण एवढ्या मोठ्या चौकोनात नदीकाठचा सखल भाग आणि उंचावरची कॉलनी एकत्र येतात. दोघांची सरासरी निघते आणि तुंबलेली गल्ली त्यात हरवून जाते.

मग 100 मीटरचे चौकोन घेऊ. ते होतात जवळपास 11,800 आणि तक्रारी फक्त 600. बहुतेक चौकोन रिकामे, काहींत एक, एखाद्यात तीन. तीनवाला चौकोन गडद दिसेल, पण कदाचित एकाच घरातल्या तिघांनी तक्रार टाकली असेल. इथं एक सोपा अंदाज उपयोगी पडतो: मोजलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा, साधारण तेवढा चढउतार निव्वळ योगायोगानं होऊ शकतो. 4 तक्रारी असतील तर 2 इकडे-तिकडे, 100 असतील तर 10. म्हणून 4 आणि 2 मधल्या फरकावर गाडी पाठवू नका. 60 आणि 30 मधला फरक बराच भरवशाचा आहे.

500 मीटरला साधारण 472 चौकोन होतात. शेती आणि मोकळी जमीन वगळली की वस्तीच्या चौकोनांत बऱ्यापैकी तक्रारी जमतात, आणि एक गाडी एका फेरीत फिरेल एवढाच तो भाग असतो. आपल्याकडच्या अक्षांशावर 0.005 अंश म्हणजे साधारण 530 ते 550 मीटर. पायथनमध्ये एवढंच पुरतं:

```
s = 0.005
df["row"] = df["lat"] // s
df["col"] = df["lon"] // s
grid = df.groupby(["row", "col"]).size()
```

आता एक टेस्ट करा. `df["lat"]` आणि `df["lon"]` या दोन्हींत 0.0025 मिळवून हेच पुन्हा चालवा, म्हणजे सगळी जाळी अर्धा चौकोन सरकते. गडद भाग साधारण तिथंच राहिला तर तो खरा. तो गायब झाला किंवा भलत्याच ठिकाणी उगवला, तर तो फक्त रेघा कुठं पडल्या त्याचा खेळ होता.

तयार लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी अजून एक खाचखळगा. `leaflet.heat` मध्ये `radius` मुळात 25 असतं, पण ते पिक्सेलमध्ये, मीटरमध्ये नाही. सांगलीच्या अक्षांशावर झूम 13 ला 25 पिक्सेल म्हणजे साधारण 450 मीटर, आणि झूम 16 ला जेमतेम 57 मीटर. म्हणजे बोटांनी झूम केलं की चौकोनाचा साइझच बदलल्यासारखं होतं. डेटा तोच, पण लाल डाग फुटून विरून जातात. असा स्क्रीनशॉट व्हॉट्सअपवर आला तर आधी विचारा, हा कुठल्या झूमला काढलाय?

रंग कुठं फसवतात?

सर्वांत मोठी फसवणूक ऑटो स्केलची. सॉफ्टवेअर त्या महिन्यातला सर्वांत मोठा आकडा शोधतं आणि त्याला लाल करतं. जुलैत कमाल 60 असेल तर 60 लाल, जानेवारीत कमाल 6 असेल तर 6 लाल. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले तर काहीच सुधारलं नाही असं वाटेल. आयर्विन पुलाची धोक्याची खूण दर महिन्याला हलवली तर जे होईल तेच इथं होतं. म्हणून टप्पे हातानं ठरवा, उदाहरणार्थ 1–4, 5–9, 10–19, 20 आणि पुढे, आणि वर्षभर तेच ठेवा.

दुसरी गोष्ट हिरव्या रंगाची. हिरवा म्हटलं की डोक्यात 'सगळं ओके' येतं. पण कमी तक्रारी म्हणजे गटार साफ आहे असं नाही. तिथल्या लोकांकडे ॲप नसेल, किंवा सांगून उपयोग नाही म्हणून त्यांनी सोडून दिलं असेल. शिवाय काही लोकांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. त्यापेक्षा एकच रंग फिक्यापासून गडदपर्यंत न्या. इंद्रधनुष्यी रंगांत तर पिवळा मधेच चमकतो आणि डोळा उगाच तिथं जातो. पायथनच्या `matplotlib` नंही जुना `jet` सोडून 2017 पासून `viridis` हा डिफॉल्ट केला, कारण त्यात आकडा वाढतो तसा उजेड एकसारखा बदलतो.

तिसरी गोष्ट शून्याची, आणि तिचं उत्तम उदाहरण साताऱ्यात आहे. 2020 मध्ये सातारा नगरपालिकेची हद्दवाढ झाली आणि शाहूपुरी, विलासपूर असे भाग शहरात आले. त्याआधी तिथले लोक ग्रामपंचायतीकडे जायचे. नगरपालिकेच्या 2019 च्या तक्रारींचा नकाशा काढला तर हे भाग कोरे दिसतील. पुढच्या वर्षांत ते गडद झाले तर 'नवीन भागाची वाट लागली' अशी हेडलाइन कुणीही करेल. खरं तर आधी तिथं मोजणीच नव्हती. म्हणून शून्य तक्रारींना सर्वांत फिका रंग द्या, आणि जिथं डेटाच नाही तिथं करड्या तिरप्या रेघा.

भागाकार विसरू नका

समजा, एका चौकोनात 2,000 घरं आणि 40 तक्रारी आहेत, तर दुसऱ्यात 300 घरं आणि 15 तक्रारी. नुसतं मोजलं तर पहिला गडद. दर हजार घरांमागे काढलं तर पहिल्यात 20 आणि दुसऱ्यात 50. दोन्ही नकाशे खरेच आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. आज गाडी कुठं पाठवायची, याला पहिला चालतो. पुढच्या वर्षी पाइपलाइन कुठं बदलायची, याला दुसरा लागतो. सांगली आणि सातारा शेजारी ठेवायचे असतील तर दुसऱ्याशिवाय पर्याय नाही. 2011 च्या जनगणनेत एका शहरात पाच लाख लोक होते आणि दुसऱ्यात सव्वा लाखाच्या आत.

प्रभागातल्या कुणी तुम्हाला असा नकाशा दाखवला, तर लाल कुठं आहे हे बघायच्या आधी कोपऱ्यातली रंगांची पट्टी बघा. तिथं आकडे, चौकोनाचा साइझ आणि तारीख नसेल, तर त्या लालवरून कुणाच्या गल्लीचा नंबर लावू नका.