घरातला ड्रोन का सरकतो? दोष सेन्सरचा की सतरंजीचा?

सिमेंटच्या स्लॅबखाली जीपीएसचा भरवसा धरता येत नाही. म्हणून वर्गात ड्रोन उडवताना त्याच्या पोटाशी दोन वस्तू लावतात : खाली बघणारा ऑप्टिकल फ्लो सेन्सर आणि जमिनीचं अंतर मोजणारा रेंजफाइंडर. तरीही ड्रोन सरकला की मुलं लगेच म्हणतात, "सर, सेन्सर खराब आहे, महागडा घेऊ." माझं मत वेगळं आहे. आधी जमीन बघा.

फ्लो सेन्सर वेग मोजतच नाही. खालचं चित्र किती कोनीय वेगाने सरकतंय एवढंच तो सांगतो. त्याला उंचीने गुणलं की खरा वेग मिळतो. उंची १.५ मीटर आणि सरकणं सेकंदाला ०.२ रेडियन असेल, तर वेग ०.३ मीटर प्रतिसेकंद. रेंजफाइंडरने उंची निम्मी दाखवली, तर वेगही निम्माच निघणार आणि ड्रोन ब्रेक कमी लावणार.

दुसरी गोम कलण्याची. ड्रोन जागेवरच ०.१ सेकंदात ५ अंश कलला, तरी चित्र सरकतं. गणित केलं तर सुमारे १.३ मीटर प्रतिसेकंद असा खोटाच वेग येतो! म्हणून जायरोने मोजलेलं फिरणं त्यातून वजा करतात. हे नीट जमतंय का, ते पंखे काढून हातात तपासता येतं. ड्रोन चांगल्या उजेडात धरा, एकाच जागी डावीकडे-उजवीकडे १५ अंश हलवा आणि आर्डुपायलटच्या लॉगमध्ये `OF.flowX` व `OF.bodyX` या रेषा एकमेकींवर बसतात का बघा. फ्लोची रेषा लहान असेल तर `FLOW_FXSCALER` थोडा वाढवा, मोठी असेल तर कमी करा. मग दुसऱ्या दिशेने, म्हणजे पुढे-मागे कलवून, Y साठी तेच करा.

आता जमीन. गुळगुळीत पांढऱ्या टाइलवर सेन्सरला धरायला काही खूणच नसते. आपल्याकडची खडबडीत शहाबादी फरशी त्यापेक्षा बरी. पण पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी फसवते. पट्ट्यांना आडवं गेलं की चित्र बदलतं, पट्ट्यांच्या दिशेने गेलं की चित्र जवळपास तसंच राहतं. मग ड्रोन मजेत त्याच दिशेने निघून जातो. दोष ओळखायची खूणही हीच : सतरंजी ९० अंशांत फिरवा. सरकण्याची दिशाही फिरली, तर सेन्सर निर्दोष. अशा वेळी जुने वर्तमानपत्र वेडेवाकडे अंथरा, पण कडा चिकटपट्टीने दाबा. पंख्यांच्या वाऱ्याने कागद हलला तर सेन्सरला वाटतं ड्रोनच हलला.

एवढं सगळं करूनही पाच मिनिटांत ड्रोन हळूहळू थोडा बाजूला गेलाच, तर त्याला नापास करू नका. तो वेग मोजतो आणि जागा त्या वेगाच्या बेरजेतून काढतो. बारीक चुकाही त्या बेरजेत साठत जातात.