बुधवारच्या डब्याची जाहिरात

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डब्याची जाहिरात आली की वाटतं, या घरात रोजच सण असावा. पितळी ताट, केळीचं पान, पुरणपोळीवर तुपाची धार. खाली मजकूर: ‘आईच्या हातची चव! शुद्ध, सात्त्विक, रुचकर घरगुती डबा. पहिल्या ऑर्डरवर 20 टक्के सूट. त्वरा करा!’ लोक त्वरा करतातही. पुरणपोळी मागवतात, ग्रुपवर ‘मस्त होती’ लिहितात आणि पुन्हा फोन करत नाहीत.

मग डबा करणाऱ्या काकू हळहळतात, ‘चव आवडते सगळ्यांना, पण टिकत कुणी नाही.’ यात चवीचा दोष नसतो. ज्यांना आज स्वयंपाकाचा कंटाळा आला होता त्यांनाच त्या जाहिरातीनं बोलावलं होतं, आणि ते कंटाळ्यापुरते आले. महिन्याचा डबा लावणारा माणूस निराळा. बुधवारी भाजी कोणती, डबा किती वाजता येणार आणि गुरुवारी गावाला गेलो तर पैसे बुडणार का, इथे त्याचं घोडं अडलेलं असतं. या प्रश्नांवर जाहिरात गप्प, म्हणून तोही गप्प.

स्वयंपाकघराच्या बाजूनं बघा. वीस डबे, प्रत्येकी चार पोळ्या म्हणजे ऐंशी पोळ्या. किलोभर कणकेच्या तीसेक पोळ्या धरल्या तर पावणेतीन किलो कणीक सकाळी भिजवायची आहे, आणि गवार आदल्या रात्रीच निवडून ठेवायची आहे. उद्या डबे बारा जाणार की बावीस, हे रात्री कळलं नाही तर एक तर भाजी उरते, नाही तर कुणाला तरी ‘संपलं हो’ सांगावं लागतं. एकेकट्या ऑर्डरीवर चालणारं घर रोज हा जुगार खेळतं. सूट देऊन गिऱ्हाईक आणणं म्हणजे पदरचे पैसे घालून जुगार वाढवणं.

तेव्हा पुरणपोळीचा फोटो आधी काढा. त्या जागी उघडलेला डबा दाखवा, मंगळवारचा, खऱ्या स्टीलच्या डब्यातला, चारही कप्पे दिसतील असा. पाहणाऱ्याला भाजीचा कप्पा केवढा आहे ते कळतं आणि पहिल्या दिवशी अपेक्षाभंग होत नाही. ताटातल्या जेवणाचा फोटो टाकून डब्यातलं जेवण पाठवलं की तेच जेवण केविलवाणं दिसतं.

‘आईच्या हातची चव’ हे शब्दही जाऊ द्या. वाचणाऱ्याची आई कुठली, हे तुम्हाला कुठे ठाऊक आहे? कोकणातल्या आईच्या भाजीत ओलं खोबरं, कोल्हापूरच्या आईचा हात कांदा-लसूण चटणीकडे, खानदेशातल्या आईचं भरीत आणि पुण्याच्या पेठेतली आमटी चिंच-गुळाची. एकाच वाक्यात या सगळ्यांना कबूल केलं की चार दिवसांत तिघेजण दुखावतात. त्यापेक्षा सरळ लिहावं: ‘गोडा मसाला वापरतो. आमटीत गूळ असतो. तिखट मध्यम.’ ज्यांना आमटीतला गूळ सोसत नाही ते फोन करणार नाहीत, आणि ते बरंच आहे. तिसऱ्या दिवशी डबा बंद करून ग्रुपवर तक्रार लिहिणाऱ्यापेक्षा फोनच न करणारा परवडला.

आता आठवड्याचं वेळापत्रक. डबा सोडणाऱ्याला कारण विचारलं तर बरेचदा ‘तेच तेच’ असं उत्तर येतं, आणि खोदून विचारलं की त्यामागे बहुधा बटाटा निघतो. म्हणून जाहिरातीत आठवडा वारानं लिहावा, पण भाजीचं नाव न घालता जात लिहावी: सोमवारी कडधान्याची उसळ, मंगळवारी फळभाजी, बुधवारी पालेभाजी. ‘बुधवारी मेथी’ असं छापलंत आणि जुलैच्या पावसात मंडईत मेथी चिखलानं माखलेली, दुप्पट भावाची मिळाली, तर तुम्ही तुमच्याच कागदाचे कैदी. जातीचं वचन पाळता येतं. त्यातही पावसाळ्याची सूट आधीच मागून ठेवावी, ‘पावसाळ्यात एखाद्या पालेभाजीऐवजी उसळ’. शेवटी एक ओळ: ‘बटाटा आठवड्यातून एकदाच.’ माझ्या मते डब्याच्या जाहिरातीत याहून ताकदीचं वाक्य नाही. मात्र ते पाळता येत असेल तरच लिहा.

आणि मग खाडा. मेसवर जेवलेल्या कुणालाही विचारा, भांडण भाजीवरून कमी आणि खाड्यावरून जास्त होतं. तरीही हा नियम जाहिरातीत कुणी लिहीत नाही, तो पैसे भरून झाल्यावर कळतो. महिन्याचे पैसे आधी भरायला माणूस कचरतो तो याचमुळे. नियम मोठ्या अक्षरात लिहिला की अर्धी भीड तिथेच मोडते. पण नियम दोन्ही बाजूंना झेपणारा हवा. आदल्या रात्री आठपर्यंत कळवलेला खाडा डबा करणाऱ्याला फारसा महाग पडत नाही, कारण भाजी अजून चिरलेली नसते. सकाळी नऊचा खाडा मात्र पूर्ण तोट्याचा. आणि खाड्यांना मर्यादा नसेल तर महिन्यातले पंधरा दिवस न जेवणारा माणूस तुमच्या वीस जागांतली एक अडवून बसतो.

कर्वेनगरातलं एक घर कल्पनेनं उभं करू. कुवत वीस डब्यांची, महिनेवारीचे चौदा भरलेले, सहा जागा रिकाम्या. सुटा डबा 120 रुपयांना, रविवार बंद, महिन्याचे 26 डबे. महिनेवारीचा दर डब्याला 110 धरला तर 2860 रुपये होतात. जाहिरात मी अशी लिहीन:

‘कर्वेनगर परिसरात दुपारचा शाकाहारी डबा, सोमवार ते शनिवार, 12:15 ते 12:45 दरम्यान दारात. चार पोळ्या, भाजी किंवा उसळ, आमटी, भात, कोशिंबीर. गोडा मसाला, आमटीत गूळ, तिखट मध्यम. सोमवारी-गुरुवारी उसळ, मंगळवारी-शुक्रवारी फळभाजी, बुधवारी-शनिवारी पालेभाजी, बटाटा आठवड्यातून एकदाच. पावसाळ्यात एखाद्या पालेभाजीऐवजी उसळ.
26 डब्यांचे 2860 रुपये. आदल्या रात्री 8 पर्यंत कळवल्यास खाडा धरला जातो आणि डबा पुढे सरकतो, महिन्यात 6 खाड्यांपर्यंत.
आधी तीन दिवस चव बघा: 360 रुपये. महिना लावल्यास हे पैसे त्यात वळते होतील.
या महिन्यात सहा जागा आहेत.’

खाली फोन नंबर आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा 14 आकडी क्रमांक. ‘हायजेनिक’ या विशेषणापेक्षा तो क्रमांक जास्त बोलतो.

यात सूट कुठेच नाही, तरी गिऱ्हाइकाचा फायदा आहे. तीन दिवसांनंतर महिना लावला तर त्याला 2500 रुपयेच भरायचे आहेत, आणि ते तीन डबे 26 मध्येच मोजले जातील. पुढे जाणाऱ्यालाच सवलत, एकदा चाखून जाणाऱ्याला पूर्ण भाव. फुकट नमुना देऊ नये. फुकटाला सगळे येतात, आणि कोण का आलं ते कधीच समजत नाही.

या तीन दिवसांत एक मोह आवरावा लागतो. नवं गिऱ्हाईक म्हणून डब्यात गुलाबजाम सरकवले जातात. मग महिना सुरू होतो, चौथ्या दिवशी गुलाबजाम गायब आणि गिऱ्हाईक मनाशी म्हणतं, ‘पैसे भरले की घसरलं.’ चवीचे दिवस मंगळवार ते गुरुवार ठेवावेत आणि त्यात दुधी येत असेल तर दुधीच जाऊ द्यावा. दुधी खाऊन ज्यानं महिना लावला, तो दुधीमुळे सोडून जाणार नाही.

जाहिरात चालली की नाही हे फोनांवरून ठरवू नका. ही जाहिरात फोन कमी आणेल आणि पहिल्या आठवड्यात जीव घाबरेल. समजा, सणाच्या जाहिरातीवर पंधरा दिवसांत चाळीस सुटे डबे गेले. सूट वजा जाता 96 रुपयांनी 3840 रुपये आले आणि त्यातल्या दोघांनी महिना लावला. दुसरीवर नऊ जणांनी तीन दिवस चव बघितली आणि सहा जणांनी महिना लावला: 17,160 रुपये. वहीत दोनच आकडे लिहा, चव बघणाऱ्यांपैकी किती जणांनी महिना लावला आणि त्यातल्या किती जणांनी दुसरा महिना भरला. पहिला आकडा पडला तर जाहिरात आणि डबा यांत तफावत आहे, म्हणजे मजकूर बघा. पहिला चांगला आणि दुसरा पडला तर मजकुराला हात लावू नका. वेळ चुकते आहे किंवा तेच तेच होतं आहे. जाहिरातीनं आपलं काम केलेलं असतं, ती पुन्हा पुन्हा बदलून स्वयंपाकघरातलं दुखणं बरं होत नाही.

एक वेगळा वाचक मात्र लक्षात ठेवावा. पुण्यात कितीतरी घरांत आई-वडील दोघंच असतात आणि डबा ठरवतो, पैसे भरतो तो मुलगा पुण्याबाहेर, कधी परदेशात असतो. हे गिऱ्हाईक सगळ्यांत जास्त टिकतं, पण वरची जाहिरात त्याच्यासाठी पुरी पडत नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र मजकूर लिहावा: पोळ्या मऊ, भाजी शिजलेली, तिखट वेगळं, डबा हातात देऊन बेल वाजवून खात्री करतो, दार उघडलं नाही तर तुम्हाला कळवतो. ‘मधुमेहींसाठी खास’ असं मात्र लिहू नये. भात आणि पोळी मोजून, आहारतज्ज्ञाला विचारून देत नसाल तर तो दावा अंगाशी येईल. ‘सांगितल्यास गूळ न घालता’ एवढं पुरे, तेही आमटीतून थोडी वेगळी काढता येत असेल तर.

गिऱ्हाईक झालेल्या माणसासाठी जाहिरात थांबते, असंही समजू नये. त्याला पाठवायचे मजकूर दोनच. रविवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याच्या भाज्या, आता नावांसकट, कारण मंडई झालेली असते. आणि डबे संपायच्या तीन दिवस आधी हिशेब: ‘तुमचे 23 डबे झाले, 3 शिल्लक, 2 खाडे धरले आहेत. पुढचा महिना चालू ठेवायचा का?’ खाड्याचा आकडा तुम्ही होऊन सांगितला की गिऱ्हाइकाच्या घरातली कॅलेंडरवरची फुल्यांची नोंद बंद होते.

सहा जागा भरल्या की जाहिरात त्याच दिवशी काढा. कुणी विचारलं तर ‘जागा झाली की कळवते’ म्हणून नाव वहीत लिहून घ्या. एकविसावा डबा हो-नाही करत घेतलात, तर पहिला फटका डब्याच्या वेळेला बसतो आणि जुन्या विसांपैकी कुणाच्या तरी दारात डबा एक वाजता पोचतो.